कॉस्टशीटमध्ये 62 लाख, नफा-तोटा पत्रकात 42

कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतली एक फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. कारखाना काल्पनिक आहे, पण असे हिशेब तिथे घरोघर सापडतील. पंपाची कास्टिंग्ज ओतायची आणि विकायची, हा धंदा. वर्षअखेरीला कॉस्टिंग सांभाळणारा माणूस 62 लाख नफा दाखवतो आणि सीएच्या कागदावर 42 लाख येतात. मालकाला वाटतं, दोघांपैकी एक जण चुकला. प्रत्यक्षात दोघेही बरोबर असू शकतात. मधल्या 20 लाखांचा पत्ता ज्या कागदावर लागतो, त्याला ताळमेळ पत्रक म्हणतात.

सुरुवात कॉस्टशीटच्या 62 लाखांपासून करू. सगळ्यात सोपी बाब व्याजाची. बँकेच्या कर्जावर वर्षभरात 14 लाख व्याज गेलं. ओतकामाला काय पडलं हे बघताना पैसा कर्जाचा की घरचा, याने फरक पडत नाही, म्हणून इथल्या कॉस्टशीटमध्ये हे व्याज धरलेलं नाही. वित्तीय हिशेबात ते खर्चीच पडतं. तेव्हा 14 लाख वजा. उलट, भाव ठरवताना मालकाने स्वतःच्या भांडवलावर 5 लाखांचं मानीव व्याज कॉस्टशीटमध्ये धरलं होतं. ते कुणालाच दिलेलं नाही, सीएच्या कागदावर ते येणार नाही. म्हणून 5 लाख अधिक. आपण 53 लाखांवर आलो.

खरी गंमत कारखान्याच्या अप्रत्यक्ष खर्चात, म्हणजे ओव्हरहेडमध्ये आहे. देखभाल, सुपरवायझरचे पगार, शेडचा घसारा वगैरे. हा खर्च वर्ष संपल्याशिवाय नक्की कळत नाही आणि कोटेशन तर आजच द्यायचं असतं. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला अंदाज बांधला: 1,200 टन माल, 1 कोटी 80 लाख खर्च, म्हणजे टनाला 15,000 रुपये. माल निघाला 1,100 टन, त्यामुळे कॉस्टशीटवर चढले 1 कोटी 65 लाख. प्रत्यक्ष खर्च झाला 1 कोटी 74 लाख. 9 लाख कुठल्याच कास्टिंगवर बसले नाहीत. वित्तीय हिशेबात ते नफ्यातून जातात. उरले 44 लाख.

हे 9 लाख नुसते वजा करून पुढे जाऊ नये. शंभर टन कमी ओतल्यामुळे 15 लाखांची आकारणी बुडाली, आणि खर्च अंदाजापेक्षा 6 लाखांनी कमी झाला. म्हणजे खर्चावर लगाम होता, भट्टी रिकामी राहिली. मालकाने ओरडायचं ते स्टोअरवर की ऑर्डर आणणाऱ्यांवर, हे इथे कळतं.

शिल्लक मालाशी मात्र बरेच जण अडखळतात. वर्षअखेरीला 40 टन कास्टिंग पडून होतं, टनाला 82,500 धरून कॉस्टशीटवर 33 लाख. त्यातल्या 10 टनांची ऑर्डर रद्द झाली आणि दुसरा गिऱ्हाईक 42,500 च्या वर जाईना. वित्तीय हिशेबात माल पडत्या किमतीला किंवा विक्रीतून निव्वळ सुटणाऱ्या रकमेला, यांत जी कमी तिला धरायचा असतो. लेखा मानक 2 तसं सांगतं. दहा टनांवर 4 लाख कमी झाले, माल 29 लाखांवर आला. अखेरचा माल जितका कमी, तितका नफा कमी: 4 लाख वजा.

आरंभीच्या मालाचं गणित याच्या उलट. तो कॉस्टशीटवर 26 लाख होता, सीएकडे 24. सुरुवातीचा माल खर्चाच्या बाजूला बसतो, म्हणून कमी किमतीने धरला की नफा वाढतो: 2 लाख अधिक. चौवेचाळीसमधून 4 गेले, 2 आले, 42 लाख. मेळ बसला.

हे 2 लाख आकाशातून पडलेले नाहीत. गेल्या वर्षी अखेरच्या मालात जो फरक होता, तोच यंदा आरंभीला दिसला पाहिजे. गेल्या वर्षीचं पत्रक काढून ताडून बघा. आकडा वेगळा निघाला तर कुणीतरी मधेच किंमत बदलली आहे. दुसरी खोच मानीव व्याजाची. इथे ते विकलेल्या मालाच्या खर्चातच धरलं होतं. उत्पादन खर्चात घातलं असतं, तर त्याचा काही भाग शिल्लक मालाच्या किमतीतही शिरला असता, आणि मग फक्त विकलेल्या मालातला भाग अधिक करून शिवाय मालाचा पूर्ण फरक धरला, तर मालात शिरलेला भाग दोनदा मोजला जाऊ शकतो.

कॉस्ट ऑडिट लागू असलेल्या कंपन्यांना 2014 च्या नियमांनुसार असा मेळ अहवालातच द्यावा लागतो. लहान कारखान्यावर ती सक्ती नसेल, तरी तुमच्या अकाउंटंटकडून हे पत्रक मागून घ्या. त्यात ‘इतर किरकोळ फरक’ अशी मोठ्या रकमेची ओळ दिसली, तर सही करू नका.