लाभांश घरच्या घरी

लाभांश मिळाला की श्रीमंती वाढली, असे अनेकांना वाटते. मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिग्लियानी यांनी १९६१ मध्ये दाखवले की कर, दलाली नसलेल्या आदर्श बाजारात तसे होत नाही.

समजा, कंपनीचे १,००० शेअर आहेत, भाव १०० रुपये. तिने शेअरमागे १० रुपये वाटले, तर भाव ९० वर येतो. शंभर शेअरवाल्याकडे ९,००० रुपयांचे शेअर आणि १,००० रोख उरतात.

त्याच १०,००० रुपयांत कंपनीने १०० शेअर परत घेतले, तर ९०,००० रुपयांच्या कंपनीचे ९०० शेअर उरतात. भाव १०० रुपयेच! शेअर घटले म्हणून भाव वाढेल ही अपेक्षा इथेच फसते, कारण रोकडही गेलेली असते.

रोख हवी असलेल्याने दहा शेअर विकावेत: ९,००० रुपयांचे शेअर, १,००० रोख. घरच्या घरी लाभांश तयार.

प्रत्यक्षात मात्र कर आणि दलाली ही बरोबरी मोडतात.