रिकाम्या कोपऱ्यातून अन्वस्ताच्या टोकापर्यंत

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने x² + 10x = 39 हे गणित चक्क चित्र काढून सोडवलं. त्याने x बाजूचा चौरस घेतला. 10x च्या दोन पट्ट्या केल्या, प्रत्येकी पाच रुंद, आणि त्या चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना जोडल्या. मोठा चौरस जवळजवळ तयार झाला, फक्त कोपऱ्यात पाच बाय पाचची जागा रिकामी राहिली. ती भरायला पंचवीस लागतात. एकोणचाळीस आणि पंचवीस मिळून चौसष्ट; म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू आठ आणि x = 3.

दहावीच्या वर्गात हीच ‘पूर्ण वर्ग पद्धत’ समीकरण सोडवण्यापुरती येते. तिचा दुसरा उपयोग मात्र अधिक देखणा आहे: अन्वस्ताचा शिरोबिंदू, म्हणजे वक्र जिथे वळतो ते टोक, तिच्यातून आयता हाती लागतो.

y = 2x² − 12x + 10 घेऊ. आधी पहिल्या दोन पदांतून दोन बाहेर काढायचे: 2(x² − 6x) + 10. सहाचे निम्मे तीन, त्याचा वर्ग नऊ. तेव्हा कंसात नऊ मिळवायचे आणि लगेच वजाही करायचे, म्हणजे किंमत बदलत नाही:

y = 2[(x − 3)² − 9] + 10
y = 2(x − 3)² − 8

घोटाळा होतो तो इथेच. कंसातले −9 बाहेर येताना दोनाने गुणले जाऊन −18 होतात. ते विसरलं तर शेवटी −8 ऐवजी +1 उरतो. चूक पकडणं सोपं आहे: मूळ समीकरणात x = 3 घालावं. 18 − 36 + 10 = −8 येतं, +1 नाही.

आता या रूपाकडे नीट पाहावं. वर्ग कधी ऋण होत नाही, त्यामुळे 2(x − 3)² ची सर्वात लहान किंमत शून्य, आणि तीही x = 3 असतानाच. म्हणून शिरोबिंदू (3, −8). कंसात उणे तीन दिसले म्हणून −3 लिहिण्याचा मोह टाळायचा.

आलेखासाठी मोठा तक्ता लागत नाही. शिरोबिंदूपासून उजवीकडे एक घर गेलं की वर दोन, दोन घरं गेलं की आठ, तीन गेलं की अठरा. म्हणजे (4, −6), (5, 0), (6, 10). डावीकडे त्यांचीच प्रतिबिंबं: (2, −6), (1, 0), (0, 10). सात बिंदू झाले. जोडताना पट्टी वापरू नये. तळ गोलसर असतो, टोकदार नाही.

समीकरणात शेवटी 10 ऐवजी 20 असते तर? मग y = 2(x − 3)² + 2. शिरोबिंदू (3, 2) हा अक्षाच्या वर आणि वक्राचं तोंडही वरच, त्यामुळे तो x-अक्षाला शिवतच नाही. 2x² − 12x + 20 = 0 ला वास्तव उत्तर नाही, हे आलेख काढण्याआधीच कळतं.