अल्फा ०.८१ आला, पुढे काय?

एम.एड.च्या प्रबंधात एक वाक्य हमखास सापडतं: ‘मापनीचा क्रॉनबॅक अल्फा ०.८१ आला, म्हणून मापनी विश्वसनीय आहे.’ तोंडी परीक्षेत विचारलं की ०.८१ म्हणजे काय, तर उत्तर येतं, ‘सर, ०.७० च्या वर आहे.’ म्हणजे पास! पण कशात पास?

उदाहरणाला मॉरिस रोझेनबर्गची १९६५ सालची आत्मसन्मान मापनी घेऊ. तिच्यात दहा विधानं असतात. प्रत्येकाला पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशा चार पर्यायांपैकी एकावर खूण करायची असते. पाच विधानं स्वतःबद्दल बरं बोलणारी, पाच उलटी, म्हणजे आपण काही कामाचे नाही अशा अर्थाची. सगळ्यांच्या गुणांची बेरीज म्हणजे त्या माणसाचा आत्मसन्मान. पण अशी बेरीज करायला आधार काय? दहाही विधानं एकाच दिशेनं बोलत असली पाहिजेत. ती किती एकसुरात बोलतात, ते अल्फा मोजतो. ली क्रॉनबॅक यांच्या १९५१ मधल्या लेखामुळे तो त्यांच्या नावानं ओळखला जातो.

हिशेब अवघड नाही. एका विधानावरची उत्तरं माणसागणिक किती पसरली आहेत, याचं माप म्हणजे विचरण. समजा, प्रत्येक विधानाचं विचरण १ आहे. दहांची बेरीज १०. विधानांचा एकमेकांशी संबंधच नसता, तर एकूण गुणांचं विचरणही १० च आलं असतं. पण एका विधानाला वरचे गुण देणारा बाकीच्यांनाही वरचेच देत असेल, तर चढावर चढ आणि उतारावर उतार पडत जातो आणि एकूण गुणांचा पसारा वाढतो. कुठल्याही दोन विधानांत ०.३ इतका सहसंबंध धरला, तर तो ३७ होतो.

```
α = १०/९ × (१ − १०/३७) = ०.८१
```

माणसामाणसांतल्या गुणांच्या फरकाचा साधारण ८१ टक्के भाग सगळ्या विधानांत सामाईक असलेल्या गोष्टीतून आला आणि उरलेला १९ टक्के सुट्या विधानांच्या लहरीतून, असा याचा अर्थ. ८१ टक्के लोकांनी खरं सांगितलं, असा मुळीच नाही.

आता नेहमीची फजिती. उलट्या विधानांचे गुण बेरजेआधी फिरवून घ्यावे लागतात; ४ चा १, ३ चा २. पाचही फिरवायची राहिली, तर पाच विधानं एकीकडे ओढतात, पाच दुसरीकडे. वरच्याच उत्तरांवर एकूण विचरण ३७ वरून ७ वर घसरतं आणि अल्फा येतो उणे ०.४८. हे बरंच म्हणायचं, कारण उणे आकडा दिसला की कुणीही दचकतो. एकच विधान फिरवायचं राहिलं, तर मात्र अल्फा ०.६९ येतो. तेव्हा विद्यार्थी ‘थोडक्यात हुकलं’ म्हणतो आणि एक चांगलं विधान काढून टाकून मोकळा होतो. एसपीएसएसमध्ये `Corrected Item-Total Correlation` हा रकाना पाहा. तिथे एखादं विधान उणे दिसलं, तर आधी ते फिरवायचं राहिलं का ते तपासा, काढायचं नंतर.

याहून फसवी गोष्ट निराळी आहे. समजा, दहांतली पाच विधानं आत्मसन्मानाची आणि पाच गणिताच्या भीतीची आहेत. आपापल्या गटात सहसंबंध ०.६, दोन गटांत शून्य. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या या दोन विषयांच्या बेरजेचा अल्फा येतो ०.७८, म्हणजे ‘०.७० च्या वर’! मापनी एकच गोष्ट मोजते, हे अल्फा सिद्ध करत नाही. ते आधी घटक विश्लेषणानं पाहावं लागतं. विधानं वाढवली तरीही अल्फा फुगतो. तोच ०.३ चा सहसंबंध ठेवून दहाऐवजी वीस विधानं घेतली की ०.८१ चा ०.९० होतो. म्हणून ०.९५ पाहून खूश होण्याआधी पाहावं, एकच वाक्य शब्द बदलून पुन्हा पुन्हा तर विचारलं नाही ना?

शिवाय अल्फा हा या उत्तरदात्यांच्या गुणांचा असतो, छापील प्रश्नावलीचा नव्हे. सगळे जवळपास सारख्याच स्वभावाचे असतील, तर तीच मापनी कमी अल्फा देते. त्यामुळे मूळ लेखातला आकडा उचलून आपल्या प्रबंधात लावणं चुकीचं. पुढच्या वेळी ते ठरलेलं वाक्य खोडा आणि असं लिहा: ‘या अभ्यासातील २१० विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर, पाच विधानांचे गुण फिरवल्यानंतर, दहा विधानांचा अल्फा ०.८१ आला, विधानांमधील सरासरी सहसंबंध ०.३० होता.’ आकडे अर्थात तुमचे घाला.