‘ड्रम काढ’ लिहिलं की नवा ड्रम का येतो?

अलिबागचा किनारा, मागे कुलाबा किल्ला आणि समोर तुम्ही. फोटो झकास आलाय, फक्त शेजारी वाळूत कचऱ्याचा निळा ड्रम उभा आहे. तुम्ही फोटोशॉपमध्ये ड्रमभोवती सिलेक्शन करता, जनरेटिव्ह फिल निवडता आणि लिहिता:

```
remove the drum
```

जुना ड्रम जातो, पण त्याच्या जागी दुसराच ड्रम येऊन बसतो!

असं होतं, कारण फायरफ्लायसारखं मॉडेल या चौकटीतला मजकूर हुकूम म्हणून वाचत नाही. ‘इथे काय दिसायला हवं’ याचं वर्णन म्हणून वाचतं. त्यात ‘drum’ शब्द सापडला की ते ड्रम काढायला घेतं, म्हणजे चित्र काढतं तसं. ‘no drum’ लिहिलं तरी बहुतेक वेळा तीच गत. (सूचना पाळणारी नवी मॉडेल्सही आता आली आहेत, पण वर्णनाची सवय तिथेही वाया जात नाही.)

म्हणून आधी चौकट रिकामी ठेवूनच जनरेट करा. तेव्हा मॉडेल आजूबाजूचं बघून जागा भरतं आणि साध्या वाळूवर एवढं पुरतं.

तरीही तिथे एखादा दगड उगवला, तर प्रॉम्प्टला दोष देण्याआधी सिलेक्शन बघा. ड्रम निवडला, पण त्याची वाळूवर पडलेली सावली बाहेरच राहिली असेल. सावली आहे म्हणजे ती पाडणारी वस्तूही असणार, असा हिशोब जुळवत मॉडेल तिथे काहीतरी उभं करतं. काठावर राहिलेली निळी कडही हेच करते. तेव्हा सावली, ओल्या वाळूतलं प्रतिबिंब आणि चहूबाजूंनी थोडी मोकळी वाळू आत घ्या. पण अर्धा किनारा निवडू नका. जागा जास्त मिळाली की त्याला नवं काही सुचायला वाव मिळतो.

आता लिहायचंच असेल, तर ड्रमचं नावही न घेता त्याच्यामागे जे असेल ते लिहा:

```
smooth wet sand, soft evening light
```

‘beautiful beach’ मात्र टाळा. त्या शब्दांबरोबर छत्र्या, नारळाची झाडं, कधी माणसंही येतात.

ड्रमचं वरचं टोक समुद्रावर आलं असेल, तर दोन फेऱ्या करा. आधी खालचा वाळूचा भाग, मग वरचा पाण्याचा, आणि प्रत्येक फेरीत त्या-त्या भागाचंच वर्णन. दोन्ही एकदम केलं की पाण्याची कड बऱ्याचदा तुटते.

शेवटी झूम करून क्षितिजाची रेघ सरळ आहे का आणि वाळूचा पोत बाजूसारखाच आहे का ते तपासा. भरलेला भाग गुळगुळीत दिसत असेल, तर सिलेक्शन लहान करून पुन्हा करा. मूळ फोटो खालच्या लेयरवर तसाच असतो, त्यामुळे फसलेली फेरी बिनधास्त डिलीट करता येते. ड्रममागे खुद्द किल्ल्याची भिंत झाकली गेली असेल, तर मात्र तिथे येणारे दगड मॉडेलच्या अंदाजाचे असतील, कुलाब्याचे नाहीत.