कलपाच्या खोक्याची मागची बाजू

बुधवारी संध्याकाळी मावशीने साताऱ्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो पाठवले. एकाच कलपाच्या खोक्याच्या चार बाजू. पुढे झुळझुळीत केसांची बाई, बाकी तिन्ही बाजूंना मुंगीएवढी अक्षरं. पाठोपाठ फोन. "अगं, हे 5.4 म्हणजे काय? मला फक्त भांगाजवळचेच रंगवायचेत, तर किती कालवू? आणि ती कानामागची चाचणी करायलाच हवी का? रविवारी मुंज आहे." तिचे तीन प्रश्न म्हणजेच त्या खोक्यावरचा महत्त्वाचा सगळा मजकूर. फोटोतल्या बाईकडून मात्र यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही.

आधी आकडा. टिंबाच्या आधीचा अंक केसांचा गडदपणा सांगतो. 1 म्हणजे काळा, 3 गडद तपकिरी, 5 फिकट तपकिरी, आणि 10 म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस मुळात 1 ते 3 मध्ये बसतात. टिंबानंतरचा अंक रंगाची झाक सांगतो. बऱ्याच कंपन्यांत .1 राखाडी, .3 सोनेरी, .4 तांबूस आणि .6 लाल, शून्य असेल तर वेगळी झाक नाही. काही कंपन्या आपापले आकडे वापरतात, म्हणून आकड्याशेजारचं नावही वाचावं. मावशीचा 5.4 म्हणजे फिकट तपकिरी, तांबूस झाकेचा.

अडचण अशी की मावशी इतकी वर्षं 3 नंबर लावत आलीय. नवा कलप जुन्या कलपाला फिका करत नाही. तिने 5.4 लावला असता तर टोकं होती तशी गडद राहिली असती आणि भांगाजवळचे पांढरे केस नव्या तांब्याच्या तांब्यासारखे झळकले असते. खोक्यावरची बाई जशी दिसते तसा रंग येण्यासाठी खाली कुठला केस आहे, हे आधी बघावं लागतं. म्हणून खोक्याच्या मागे 'आधीचा केस' आणि 'नंतरचा केस' अशी चित्रांची छोटी जोडी छापतात. त्यात आपल्यासारखा केस नसेल तर तो नंबर आपला नव्हे. मावशीला मी सांगितलं, दुकानदाराकडून बदलून घे आणि नेहमीचा 3 आण.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. तिच्या खोक्यात 40 ग्रॅमची ट्यूब आणि 60 मिलीलिटरची डेव्हलपरची बाटली होती, म्हणजे एकास दीड. फक्त मुळं रंगवायची तर 20 ग्रॅमला 30 मिलीलिटर. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यावर '20 व्हॉल्यूम' किंवा '6 टक्के' असं लिहिलेलं असतं. दोन्हीचा अर्थ एकच.

हे प्रमाण का पाळायचं, ते वाटीत डोळ्यांनी दिसतं. ट्यूबमधून येणारं क्रीम फिकट असतं आणि डेव्हलपर मिसळला की हळूहळू काळवंडत जातं. ट्यूबमधले रंगाचे रेणू लहान आणि जवळजवळ बिनरंगी असतात. क्रीममधला अमोनिया, किंवा त्याच्या जागी घातलेला दुसरा अल्क, केसाचे खवले उघडतो आणि हे रेणू आत शिरतात. आत पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात, रंग धरतात आणि मग बाहेर पडू शकत नाहीत. डेव्हलपर कमी पडला तर काही रेणू न जोडलेलेच राहतात. रंग कच्चा येतो आणि त्वचेला त्रासही तेच रेणू देतात. डेव्हलपर जास्त झाला तर मिश्रण पातळ होतं, रंग फिका येतो आणि थेंब कपाळावर ओघळतात.

मिश्रण काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत करावं, कारण काही धातूंमुळे पेरॉक्साइडची ताकद आधीच निघून जाते. कालवलेलं उरलं तर टाकून द्यावं. ते झाकण लावून ठेवलं तर आत वायू साठत जातो आणि बाटली फुटू शकते. न मिसळलेली ट्यूब मात्र घट्ट बंद करून पुढच्या वेळेला ठेवता येते, खोक्यावर तसं लिहिलं असेल तर.

'30 मिनिटं' ही सूचनासुद्धा त्याच जोडणीची वेळ आहे. घड्याळ लावायचं ते शेवटची बट माखून झाल्यावर. दहा मिनिटांत धुतलं तर आतली जोडणी अर्धवट राहते आणि पांढरे केस आठवडाभरात पुन्हा डोकावतात. तासभर ठेवून रंग अधिक पक्का होत नाही, कारण जोडणी तोवर संपलेली असते. सोसावं लागतं ते टाळूला. मध्येच आग होऊ लागली तर घड्याळाकडे न बघता लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.

आता तिसरा प्रश्न. बहुतेक गडद कलपांत पॅरा-फेनिलीनडायअमाइन, थोडक्यात पीपीडी, किंवा त्याचं एखादं भावंड असतं. ज्याच्या शरीराला ते सोसत नाही त्याची टाळू, कान, पापण्या सुजतात, कधी कधी डोळेच उघडत नाहीत. म्हणून आपल्याकडे कायद्यानेच अशा कलपावर इशारा छापावा लागतो: कानामागे किंवा कोपर ते मनगटाच्या मधल्या हाताच्या आतल्या बाजूला साबणाने धुऊन, तयार मिश्रणाचा ठिपका लावा, वाळू द्या, 24 तासांनी बघा, आणि दर वेळी बघा. भुवया-पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते, हेही त्यातच असतं. हा इशारा कल्पनेतला नाही. 1930च्या दशकात अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाच्या पापण्यांच्या रंगाने बायकांची दृष्टी गेली होती.

मावशीचं म्हणणं, "दहा वर्षं लावतेय, काही झालं नाही." पण ही ॲलर्जी पहिल्या दिवशी असतेच असं नाही. शरीर एखाद्या वेळी पीपीडीला शत्रू म्हणून ओळखतं आणि त्यानंतर दर वेळी भांडतं. हातावर लवकर काळीकुट्ट चढणारी 'काळी मेंदी' ही त्या ओळखीची एक नेहमीची वाट, कारण तिच्यात बरेचदा पीपीडी मिसळलेलं असतं. मावशीने दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तीच काढली होती.

तिने बुधवारी रात्री नव्या 3 नंबरचा ठिपका कानामागे लावला. गुरुवारी रात्री काही नव्हतं आणि ती खूश होती. शुक्रवारी सकाळी तिथे खाज, लाली आणि बारीक पुळ्या. ही ॲलर्जी उशिरा उठते, दोन-तीन दिवसही घेते. युरोपातल्या खोक्यांवर 48 तास आधी चाचणी करा असं लिहितात ते त्यामुळेच. खोक्यावरचे 24 तास हे कमीत कमी समजावेत आणि आणखी एक दिवस वाट बघावी.

'अमोनिया नाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दुसरं खोकं आणू का, असं तिने विचारलं. अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकतं. घटकांची यादी वाचल्याशिवाय ते कळत नाही. शेवटी मावशी मुंजीला पांढऱ्या मुळांनीच गेली आणि सोमवारी त्वचेच्या डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या कलपात काय होतं हा, आणि उत्तर तिच्या मोबाइलमध्ये होतं. तुम्हीही खोकं फेकण्याआधी एक फोटो काढून ठेवा, मागच्या बाजूचा: नंबर, बॅच आणि घटकांची यादी वाचता येईल असा.