576 चौकटी आणि एक पिंजरा

इस्लापूरहून किनवटला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलेला माझा भाचा मासिकातलं कोडं सोडवत होता. पेन्सिलीचं टोक वजाबाकीच्या पिंजऱ्यावर अडलेलं. मी म्हटलं, "इथून कशाला सुरुवात केलीस?" तो म्हणाला, "मामा, वजाबाकी सोपी आहे ना."

हे कोडं 2004 मध्ये जपानी गणितशिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी रचलं. त्याला केनकेन म्हणतात. चार बाय चारच्या चौकटीत 1 ते 4 आकडे भरायचे, आडव्या किंवा उभ्या ओळीत एकही आकडा दोनदा येता कामा नये. शिवाय जाड रेघेच्या प्रत्येक पिंजऱ्यावर एक खूण असते: 32× म्हणजे आतल्या आकड्यांचा गुणाकार 32, 2− म्हणजे दोन आकड्यांतला फरक 2. भाच्याच्या कोड्यातले पिंजरे असे होते (एका अक्षराची घरं एका पिंजऱ्यातली):

क क ख ख
क ग ग ख
घ ग च च
घ छ छ च

क 32×, ख 3×, ग 18×, घ 2−, च 16×, छ 3−.

खुणा बाजूला ठेवल्या तर ओळींचे नियम पाळून ही चौकट 576 प्रकारे भरता येते. भाच्याने धरलेला घ घ्या. फरक 2 म्हणजे 1 आणि 3, किंवा 2 आणि 4; दोन्ही जोड्या उलटसुलट बसतात. ही खूण लावूनही 192 चौकटी उरतात. आता क घ्या. 1 ते 4 मधल्या तीन आकड्यांचा गुणाकार 32 हवा, तर 4, 4, 2 याशिवाय काही जमतच नाही. दोन्ही 4 एका ओळीत चालत नाहीत, म्हणून ते काटकोनाच्या दोन टोकांना आणि 2 कोपऱ्यात. उरल्या किती? 16.

इथेच पुष्कळ जण अडकतात. सुडोकूच्या सवयीने पिंजऱ्यातही आकडा पुन्हा येत नाही असं धरून बसतात आणि 32 अशक्य ठरवून टाकतात. बंदी ओळीला आहे, पिंजऱ्याला नाही.

पुढे ख. गुणाकार 3 म्हणजे 1, 1, 3. दोन 1 टोकांना, 3 कोपऱ्यात. सोळाच्या सहा झाल्या. ग मध्ये 18 म्हणजे 3, 3, 2. पुन्हा 3 टोकांना. उरल्या दोन. दुसऱ्या उभ्या ओळीत आता 4, 2, 3 आहेत, तेव्हा तळाला 1 येणार हे ठरलंच. त्याच्या शेजारी 2 की 4, एवढाच वाद. छ म्हणतो फरक 3, म्हणून 4. घ आणि च यांची गरजच पडली नाही. ते ताळा करायला ठेवायचे. च मध्ये 2, 4, 2 येतात, गुणाकार 16. तिथे दुसरंच काही आलं तर चूक मागे कुठेतरी झालेली असते.

576 तर बोटांवर मोजण्यासारखे. सहा बाय सहाला 81 कोटी 28 लाख 51 हजार 200 चौकटी आहेत. सेकंदाला एक तपासली तर रात्रंदिवस बसून पावणेसव्वीस वर्षं लागतील. नऊ बाय नऊची संख्या 28 अंकी आहे. जगातल्या 800 कोटी माणसांनी सेकंदाला एकेक तपासली तरी दोन हजार कोटींहून जास्त वर्षं लागतात, आणि विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी.

अशा चौकटीला गणितात लॅटिन चौरस म्हणतात. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवले तर आकड्यांची प्रत्येक जोडी नेमकी एकदाच यावी, हे 6, 10, 14 अशा आकारांना जमणार नाही, असा ऑयलरचा 1782 मधला अंदाज होता. सहापुरता तो खरा निघाला. दहाला मात्र एकेक तपासून काही हाती लागण्यासारखं नव्हतं. 1959 मध्ये राजचंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि नागपुरात शिकलेले आपले शरदचंद्र श्रीखंडे यांनी रचनेच्या जोरावर दाखवून दिलं की 10 ला आणि त्यापुढच्या अशा सगळ्या आकारांना ते जमतं.

भाच्याच्या मासिकात पुढच्या पानावर सहा बाय सहाचं कोडं होतं. तुमच्या हाती असं कोडं आलं तर आधी 5− शोधा. तिथे 6 आणि 1 याशिवाय जोडीच नाही. त्या एका पिंजऱ्यात 81 कोटींच्या 5 कोटी 41 लाख 90 हजार 80 होतात.