दीड मिनिटात महेशमूर्ती

घारापुरीच्या मुख्य लेण्यात, दक्षिणेकडच्या भिंतीत महेशमूर्ती कोरलेली आहे. साधारण सहाव्या शतकातलं, सुमारे 18 फूट उंचीचं हे शिल्प. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या कानात दीड मिनिट बोलायचं, तर शांत लयीत जेमतेम दीडशे शब्द बसतात. त्यातही मध्ये मध्ये थांबावं लागतं.

पहिली अडचण उजेडाची. उन्हातून आत आलेल्या माणसाला काही क्षण मूर्ती धड दिसतच नाही. त्याच वेळी शतक आणि राजवटी सांगायला घेतलं, तर ऐकणारा चाचपडत राहतो आणि माहिती कानावरून जाते. म्हणून संहितेची सुरुवात अशी असावी:

“जरा थांबा. अंधाराला डोळे सरावू द्या. आता मधला चेहरा पाहा. पापण्या मिटलेल्या, खालचा ओठ जाडसर.”

इथे चार-पाच सेकंद काहीच बोलू नये. ओठ शोधून पाहायला तेवढा वेळ लागतोच.

“आता तुमच्या डाव्या हाताचा चेहरा. मिशी दिसली? त्याच्या हाताकडे पाहा. हातात नाग आहे.”

‘तुमच्या’ हा शब्द गाळता येत नाही. शिल्पाचं वर्णन करताना मूर्तीचा डावा-उजवा धरण्याची रीत आहे आणि ती पुस्तकात शोभते. कानाने ऐकणारा मात्र स्वतःच्याच हाताकडे वळतो.

“आता उजवीकडे वळा. इथे चेहरा नाजूक आहे, केस कुरळे, हातात कमळ.”

नावं सांगायची ती इथे, तिन्ही चेहरे पाहून झाल्यावर: डावीकडे अघोर, मध्ये तत्पुरुष, उजवीकडे वामदेव. आधी सांगितलेली नावं लक्षात राहत नाहीत, कारण ती चिकटवायला डोळ्यांसमोर अजून काहीच नसतं. ब्रह्मा, विष्णू, महेश असं समजून येणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी एकच वाक्य पुरे: “हे तिन्ही चेहरे शिवाचेच.” उंचीही आकड्यात सांगू नये. “तुमच्यासारखी तीन माणसं एकावर एक उभी राहिली, तर मुकुटाच्या टोकाशी पोचतील,” असं म्हटलं की नजर आपोआप वर जाते.

संहितेत कंस नको, लांब समास नको. वाचताना मागे जाऊन वाक्य पुन्हा पाहता येतं, कानाला ती सोय नसते. ‘जटामुकुटावरील अलंकरणवैशिष्ट्ये’ हे छापील पानावर चालून जाईल. ऐकवायचं असेल तर “डोक्यावरच्या मुकुटाचं कोरीवकाम पाहा” असंच म्हणावं.

लिहून झालं की संहिता घेऊन लेण्यात जावं. शिल्प कधीच न पाहिलेल्या माणसाला मूर्तीसमोर उभं करून ती ऐकवावी आणि त्या वेळी आपण त्याच्या डोळ्यांकडे पाहावं. मिशीचा उल्लेख झाला आणि त्याची नजर उजवीकडे असली, तर ते वाक्य पुन्हा लिहावं.